नॉर्म आणि ट्रेस: पाढा मांडला की चूक सापडते

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी फील्ड थिअरीच्या अंतर्गत चाचणीत एक प्रश्न होता: L = Q(√2, √3) मधल्या 1 + √2 चा Q वरचा नॉर्म आणि ट्रेस काढा. मी दोन ओळींत उरकलं. 1 + √2 चा मिनिमल पॉलिनॉमियल x² − 2x − 1, म्हणून ट्रेस 2 आणि नॉर्म −1. पेपर परत आला तेव्हा दोन्ही उत्तरांवर फुली होती. मी तावातावानं मॅडमकडे गेले. त्यांनी पेपरकडे न बघताच विचारलं, "नॉर्म कुठून कुठे काढलास?" मला प्रश्नच कळला नाही. 1 + √2 चा नॉर्म म्हणजे 1 + √2 चा नॉर्म, त्यात 'कुठून कुठे' कसलं?

माझं सगळं अडलं होतं ते इथेच. नॉर्म आणि ट्रेस हे एकट्या घटकाचे गुणधर्म नाहीत. L हे K वरचं मर्यादित एक्स्टेन्शन असेल तर L ही K वरची एक व्हेक्टर स्पेस आहे, आणि L मधला α धरला की 'α ने गुण' ही त्या स्पेसवरची लिनिअर क्रिया होते. बेसिस निवडून त्या क्रियेची मॅट्रिक्स मांडायची. तिचा ट्रेस म्हणजे α चा ट्रेस, तिचा डिटरमिनंट (दहावीच्या पुस्तकातला आपला 'निश्चयक') म्हणजे α चा नॉर्म. स्पेस बदलली की मॅट्रिक्सचा आकार बदलतो आणि उत्तरही बदलतं.

मॅडमनी तिथेच फळ्यावर 1, √2, √3, √6 हा बेसिस लिहिला आणि मला एकेकाला 1 + √2 ने गुणायला लावलं. 1 चं झालं 1 + √2. √2 चं झालं 2 + √2. √3 चं √3 + √6. √6 चं √6 + √12, म्हणजे 2√3 + √6. प्रत्येक उत्तराचे सहगुणक एकेका स्तंभात उभे लिहिले:

```
1  2  0  0
1  1  0  0
0  0  1  2
0  0  1  1
```

तोच दोन बाय दोनचा ठोकळा दोनदा आला. ठोकळ्याचा ट्रेस 2 आणि डिटरमिनंट −1, हे माझं उत्तर होतं. पण ते Q(√2) मधून Q वरचं. L मधून Q वर ट्रेस 4 येतो आणि नॉर्म (−1)(−1) = 1. चिन्हसुद्धा टिकलं नाही. मिनिमल पॉलिनॉमियलची डिग्री d आणि एक्स्टेन्शनची डिग्री n असेल, तर मॅट्रिक्सचा कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनॉमियल हा मिनिमल पॉलिनॉमियलचा n/d वा घात असतो. मिनिमल पॉलिनॉमियलवरून उत्तर काढायला हरकत नाही, पण हा घात विसरायचा नाही. तो लक्षात राहत नसेल तर सरळ 3 चा विचार करा: याच L मध्ये 3 चा ट्रेस 12 आणि नॉर्म 81 आहे, कारण मॅट्रिक्सच्या कर्णावर 3 हा आकडा चार वेळा बसतो.

नव्यानं शिकणाऱ्यानं हातानं एक तरी तीन बाय तीनचं उदाहरण पुरतं सोडवावं. दोन बाय दोनमध्ये सगळं इतकं सहज होतं की काय चाललंय ते दिसतच नाही. मी घेतलेलं उदाहरण असं: θ³ = 2, मोठं फील्ड आता K = Q(θ), पाया Q, आणि α = 2 + θ − θ². इथे माझा पहिला हात कॉन्जुगेटकडे गेला. √2 च्या वेळी चिन्ह उलटवलं की काम होतं, म्हणून मी α ला 2 − θ + θ² ने गुणून बघितलं. उत्तर आलं 4 मधून −4 + 2θ + θ² वजा करून उरलेलं काहीतरी. नीट मांडलं तर 8 − 2θ − θ². परिमेय संख्या नाहीच. कारण θ चे खरे कॉन्जुगेट ωθ आणि ω²θ आहेत, ω हे एकाचं कॉम्प्लेक्स घनमूळ, आणि ते दोघं या K मध्ये राहतच नाहीत. मॅट्रिक्सला मात्र K च्या बाहेर पाऊल टाकावं लागत नाही.

बेसिस 1, θ, θ². पाढा मांडू:

α · 1 = 2 + θ − θ²
α · θ = 2θ + θ² − θ³ = −2 + 2θ + θ²
α · θ² = 2θ² + θ³ − θ⁴ = 2 − 2θ + 2θ²

शेवटच्या ओळीत θ⁴ = 2θ वापरलंय. ही घडी घालण्याची पायरी सगळ्यात जास्त चुकते. घाईत लोक θ⁴ चे 2 करून मोकळे होतात. आता स्तंभ उभे लावले:

```
 2  -2   2
 1   2  -2
-1   1   2
```

ट्रेस 2 + 2 + 2 = 6. पहिल्या ओळीनं डिटरमिनंट उलगडला तर 2(4 + 2) + 2(2 − 2) + 2(1 + 2) = 12 + 0 + 6 = 18. म्हणून नॉर्म 18.

इथे पेन खाली ठेवायचं नाही. पहिला स्तंभ α चेच सहगुणक असायला हवेत, कारण बेसिसचा पहिला घटक 1 आहे. ते आहेत. दुसरं, या फील्डमध्ये a + bθ + cθ² चा ट्रेस नेहमी 3a येतो. θ आणि θ² ने गुणलं की बेसिसचा प्रत्येक घटक स्वतःची जागा सोडून सरकतो, कर्णावर काही उरत नाही. (ही सोय x³ − 2 ची आहे. θ³ = θ + 1 असेल तर θ² चा ट्रेस 2 येतो, करून बघा.) तिसरं, नॉर्मचं चिन्ह. उरलेले दोन कॉन्जुगेट एकमेकांचे कॉम्प्लेक्स जोडीदार, त्यांचा गुणाकार धन. तेव्हा नॉर्मचं चिन्ह α च्या वास्तव किमतीच्या चिन्हासारखंच हवं. α ची किंमत साधारण 2 + 1.26 − 1.59, म्हणजे 1.67, धन. 18 धन. जमलं.

मला या विषयाची खरी गोडी लागली ती पुढच्या पायरीत. कर्णाभोवतीचे तीन दोन बाय दोन मायनर प्रत्येकी 6 येतात, म्हणून कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनॉमियल x³ − 6x² + 18x − 18. केली-हॅमिल्टननुसार मॅट्रिक्स तो पाळते, आणि म्हणून α पण. तेव्हा α(α² − 6α + 18) = 18, म्हणजे α चा व्यस्त (α² − 6α + 18)/18. α² काढलं तर 6θ − 3θ² येतं, कंसात 6 + 3θ² उरतं आणि व्यस्त होतो (2 + θ²)/6. पडताळा एका ओळीचा: (2 + θ − θ²)(2 + θ²) = 6. छेदातलं घनमूळ घालवायला अकरावीत आम्ही जे सूत्र पाठ केलं होतं, त्याच्या मागे हे होतं तर! आणि यातून आणखी एक तपासणी फुकट मिळते: नॉर्म गुणाकार जपतो, 6 चा नॉर्म 216, म्हणून 2 + θ² चा नॉर्म 216/18 = 12 यायला हवा. त्याची मॅट्रिक्स तुम्ही मांडा.

आता एक चूक, जी मी स्वतः केली आणि नंतर ज्युनिअर्सच्या वह्यांत अनेकदा पाहिली. सोयीसाठी कुणी 1, 2θ, θ² असा बेसिस घेतं. घ्या, हरकत नाही. बेसिस बदलल्यानं मॅट्रिक्स P⁻¹MP होते, ट्रेस आणि डिटरमिनंट तेच राहतात. पण गुणायला 1, θ, θ² घेतले आणि उत्तरं 1, 2θ, θ² मध्ये लिहिली, तर ती P⁻¹M होते. वरच्या उदाहरणात मधली ओळ निम्मी होते, डिटरमिनंट 18 ऐवजी 9 येतो आणि ट्रेस 6 ऐवजी 5. 3a ची तपासणी केली तर हे लगेच पकडता येतं.

स्तंभांऐवजी ओळी भरल्या तर मात्र काहीच कळत नाही, कारण ट्रान्सपोजचा ट्रेस आणि डिटरमिनंट तोच असतो. चूक बाहेर पडते ती मॅट्रिक्सनं एखाद्या सहगुणकांच्या स्तंभाला गुणायला गेल्यावर. सेज या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासताना मी यावर अर्धा तास घालवला:

```
K.<t> = NumberField(x^3 - 2)
a = 2 + t - t^2
a.matrix()
a.trace(), a.norm(), a.charpoly()
```

ट्रेस 6, नॉर्म 18, सगळं बरोबर. पण मॅट्रिक्स माझ्या वहीतल्या मॅट्रिक्सची ट्रान्सपोज. सेज गुणाकारांची उत्तरं आडव्या ओळींत लिहितं, बस इतकंच.

चाचणीनंतर तोंडी परीक्षेत मॅडमनी परत पकडलं. "नॉर्म म्हणजे कॉन्जुगेटांचा गुणाकार आणि ट्रेस म्हणजे बेरीज, असं म्हटलं तर चालेल ना?" आत्तापर्यंतच्या उदाहरणांत चालतं, प्रत्येक कॉन्जुगेट n/d वेळा मोजला की झालं. मी हो म्हणाले. त्यांनी कागदावर लिहिलं: K = F₂(t), L = K(s), s² = t. मी पाढा मांडला. a + bs ने 1 चं होतं a + bs, आणि s चं होतं bt + as. कर्णावर a आणि a, बेरीज 2a, आणि F₂ मध्ये 2 म्हणजे शून्य. L मधल्या प्रत्येक घटकाचा ट्रेस शून्य! नॉर्म मात्र a² − b²t, म्हणजे इथे a² + b²t, जिवंत आहे. x² − t ला इथे s हे एकच मूळ दोनदा लागतं. वेगवेगळे कॉन्जुगेट मोजायला गेलं तर एकटा a + bs हाती येतो, आणि b शून्य नसेल तर तो K मध्येसुद्धा नाही.

मी म्हणाले, "म्हणजे Tr(1) = 0 आलं की एक्स्टेन्शन इनसेपरेबल." त्या हसल्या आणि F₂ वरचं F₄ काढायला सांगितलं. तिथे ω² = ω + 1. 1 चा ट्रेस 1 + 1 = 0. पण ω ने 1 चं होतं ω, ω चं होतं 1 + ω. कर्णावर 0 आणि 1, ट्रेस 1. म्हणजे 1 चा ट्रेस शून्य असूनही हे एक्स्टेन्शन सेपरेबल आहे. बघायचं ते ट्रेस सगळ्यांचाच शून्य होतो का, हे; एकट्या 1 वरून निकाल द्यायचा नाही. त्या दिवशी दहापैकी सात मिळाले.