सासूबाईंना सणाचा पहिला मेसेज: या चुका टाळा

लग्नानंतरचा पहिला सण, सासूबाई दुसऱ्या गावी आणि काय लिहावं ते सुचत नाही. माझ्या एका मैत्रिणीने अशा वेळी हे लिहून मला दाखवलं होतं:

‘आदरणीय सासूबाई, आपणांस व आपल्या कुटुंबियांस सणाच्या हार्दिक शुभेच्छा.’

आदर पुरेपूर आहे. पण ‘आपल्या कुटुंबियांस’ म्हणजे नक्की कोणाला? त्या कुटुंबात आता ती स्वतःही आली की! असं वाक्य साहेबांना पाठवावं. शिवाय ‘सासूबाई’ हा शब्द त्यांच्याविषयी बोलताना ठीक; समोर आपण आई म्हणत असू, मम्मी म्हणत असू, तर मेसेजमध्येही तीच हाक हवी.

हे खोडल्यावर तिने दुसरं टोक गाठलं: ‘तुम्ही सासू नाहीच, माझी आईच आहात.’ ओळख जेमतेम दोन महिन्यांची! इतकं गोड लिहिलेलं वाचणाऱ्यालाच अवघडायला होतं. मी एकच विचारते: हेच वाक्य दुसऱ्या कुठल्याही सुनेने आपल्या सासूला पाठवलं तर चालेल का? चालत असेल, तर ते काढा आणि फक्त तुमच्या दोघींत घडलेली एक बारीकशी गोष्ट लिहा. फॉरवर्ड केलेलं फुलांचं चित्रही याच परीक्षेत नापास होतं.

शेवटी गेलेला मेसेज असा होता:

‘आई, सणाच्या खूप शुभेच्छा! मागच्या वेळी आम्ही निघालो तेव्हा गाडी वळेपर्यंत तुम्ही दारात उभ्या होतात, ते आज सकाळपासून आठवतंय. बाबांनाही नमस्कार सांगा. दुपारी तुम्ही निवांत असाल तेव्हा फोन करते.’

यात कौतुकाचा एकही शब्द नाही, तरी आपल्याकडे हिचं लक्ष होतं हे त्यांना कळतं. ‘तुम्ही’ आणि ‘होतात’मध्ये मान आपोआप आला, वेगळं ‘आदरणीय’ लागलं नाही. मात्र क्रियापदं एकदा तपासा. स्वतःच्या आईला ‘अगं, तू’ म्हणायची सवय असते, म्हणून घाईत ‘तुम्ही काळजी घे’ असं हमखास लिहून जातं.

‘आम्हा दोघांकडून’ असंही नको. मुलगा त्याचं तो बोलेल. आणि मेसेज त्यांना एकटीला पाठवा. घरच्या ग्रुपवर टाकला की तो सगळ्यांना दाखवण्यासाठी लिहिल्यासारखा दिसतो.

उत्तरात नुसते जोडलेले हात आले, किंवा काहीच आलं नाही, तर? ‘मेसेज मिळाला का?’ असं विचारू नका. कित्येकींना टाइप करायचा कंटाळा असतो, सणाच्या दिवशी तर हात कामात असतात. दुपारी फोन करते म्हटलंय तो मात्र कराच. मैत्रिणीने केला, तर पलीकडून पहिलं वाक्य आलं, ‘अगं, तू मागे वळून बघत होतीस होय?’