निर्यमक खंडकाव्य लिहिताय? या चुका टाळा

लालबागची चाळ. म्हातारी दारात बसलेली आहे आणि बिल्डरचा माणूस पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर तिची सही मागायला आला आहे. मुंबईवर दीर्घ कथाकाव्य लिहिणाऱ्यांच्या हस्तलिखितांत असा प्रसंग हटकून असतो, आणि बहुतेकदा तो असा उतरतो:

म्हातारी ती दारी बसली
बिल्डरचा मग माणुस आला
कागद त्याने पुढे ठेवला
तिने तयाला नकार केला

मात्रा चोख आहेत, प्रत्येक ओळीत १६. तरी गोष्ट जागची हलत नाही. कवीने ठरवून यमक सोडलं होतं, पण ‘आला, ठेवला, केला’ करत ते मागच्या दाराने आत आलं आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे वाक्य आणि ओळ एकाच ठिकाणी संपवली की दर ओळीला ‘ला-ली-ले’चा ठोका पडणारच. निर्यमक लिहिणाऱ्या मराठी कवीची ही सगळ्यात मोठी अडचण आहे. शब्दकोश उघडून वेगळी क्रियापदं शोधल्याने ती सुटत नाही. ओळ वाक्याच्या मध्येच तोडावी लागते, म्हणजे क्रियापद पुढच्या ओळीच्या पोटात जातं.

इथे घाबरून पुष्कळजण दुसऱ्या टोकाला जातात आणि यमकाबरोबर मोजमापही सोडून देतात. मग ते निर्यमक पद्य राहत नाही, मुक्तछंद होतो. मुक्तछंदात काही वाईट नाही, कवी अनिलांनी त्यात दीर्घ कविता लिहिल्याच आहेत. पण तो वेगळा प्रकार आहे. १६६७ साली छापलेल्या मिल्टनच्या महाकाव्यात यमक नाही, पण ओळीला दहा उच्चारांचं माप आहे. मायकेल मधुसूदन दत्तांचं बंगाली ‘मेघनादवध’ १८६१ चं, त्यातही चौदा अक्षरं पक्की आहेत. माप कायम असतं म्हणूनच वाक्य कुठे थांबलं हे कानाला कळतं. मापच नसेल तर वाक्य ओळ ओलांडून गेलं काय आणि न गेलं काय, फरक ऐकू येत नाही.

माप कोणतं घ्यावं? बंगालीच्या धर्तीवर अक्षरं मोजायचा मोह होतो. बोलीच्या जवळ जायचं असेल तर तो आवरा. ओवी गाताना आपण ‘का-ग-द’ ही तिन्ही अक्षरं पूर्ण म्हणतो, पण बोलताना ‘का-गद्’ असे दोनच उच्चार होतात. ‘मिलच्या’ लिहिताना तीन अक्षरं, तोंडात ‘मिल्-च्या’. त्यामुळे कागदावर चौदा अक्षरांच्या दिसणाऱ्या दोन ओळी बोलून पाहिल्या तर एक तोकडी आणि दुसरी लांब निघते. मात्रांचं तसं होत नाही. ‘कागद’ गायलं तरी २+१+१ आणि बोललं तरी २+२, म्हणजे चारच. म्हणून पादाकुलकाच्या १६ मात्रा घ्याव्यात. मात्र आठ मात्रांवरचा मधला सांधा सैल सोडावा, नाहीतर आरतीसारखा ताल धरला जातो. आणखी एक सवलत बोलीच देते: ‘सगळ्यांनी’मधल्या ‘ग’वर बोलताना आघात येत नाही, तेव्हा पुढे जोडाक्षर असलं तरी तो लघूच धरायचा.

आता तोच प्रसंग पुन्हा, माप तेच:

ऐका काकी, सगळ्यांनी तर
दिली संमती, तुमचीच सही
राहिल्यामुळे साहेबांनी
थांबवलंय हो काम, म्हणून
मी म्हटलं की काकी माझ्या
शब्दाबाहेर नाहीत. – बस.
चहा पिऊन जा. कागद नको.
तुझा बाप ह्यांच्याच खात्यात
होता. त्यानंच केली सही
मिलच्या कागदावर. बघ, काय
उरलं. – काकी, त्या वेळी तर...

शंका असेल तर एक ओळ मोजून बघा. ‘चहा’ ३, ‘पिऊन’ ४, ‘जा’ २, ‘कागद’ ४, ‘नको’ ३, झाले १६. एकही शब्द माप भरायला आणलेला नाही. पहिल्या मसुद्यातलं ‘म्हातारी ती’ आणि ‘तयाला’ फक्त भरतीसाठी होतं. लालबागच्या चाळीत कुणी ‘तयाला’ म्हणत नाही. असा शब्द दिसला की समजावं, ओळ आधी मोजली गेली आणि माणूस नंतर बोलला.

माणसाचं बोलणं बघा. सहा ओळींत त्याचं एकच वाक्य आहे. ‘तर’, ‘सही’, ‘साहेबांनी’, ‘म्हणून’ असे ओळींचे शेवट सगळे लोंबते, त्यामुळे वाचणाऱ्याचा आवाज खाली उतरत नाही आणि काकीला मध्ये तोंड घालायला फट मिळत नाही. ‘तो गोडबोल्या होता’ असं वेगळं सांगायची गरजच उरली नाही. त्याचं वाक्य एकदाचं संपतं तेव्हा ओळीत दोनच मात्रा शिल्लक असतात, आणि तेवढ्यात ती ‘बस’ म्हणते.

तिची वाक्यं तोकडी. पूर्णविराम कधी नवव्या मात्रेला, कधी सोळाव्या, कधी चौथ्या, कधी अकराव्या. एकदाच तिचं वाक्य ओळ ओलांडून जोरात पडतं: ‘खात्यात / होता’. वाचक ‘होता’पाशी किंचित अडतो, आणि तो बाप आता नाही हे त्या अडण्यातच कळतं. नंतर ‘उरलं’वर चार मात्रा संपतात. उरलेल्या बारा माणसाला दिल्या आहेत, पण आता त्याचं वाक्य पुरं होत नाही. दोघांनी एकच ओळ वाटून घेतली की सवाल-जवाबाचा वेग येतो. प्रत्येकाला नवी ओळ दिली असती तर तो गेला असता.

‘ती म्हणाली’ कुठेच नाही हेही लक्षात आलं असेल. त्या दोन शब्दांना सात मात्रा लागतात, म्हणजे जवळजवळ अर्धी ओळ. कोण बोलतंय हे सांगायला तुम्हाला सारखं ‘म्हणाला-म्हणाली’ लागत असेल, तर दोन्ही पात्रांची वाक्यं एकाच लांबीची आहेत का ते तपासा. बहुधा असतात.

‘ने’ आणि ‘नं’, ‘म्हटले’ आणि ‘म्हटलं’ यांच्या मात्रा सारख्याच भरतात. म्हणून निवेदकाला ग्रांथिक रूप आणि पात्राला बोलीतलं रूप देता येतं, ओळ हलत नाही. मालवणी मात्र जपून. चार मालवणी शब्द पेरले म्हणून काकी कोकणातली होत नाही. तिच्या वाक्याची ठेवणच मालवणी असेल तर सगळं बोलणं मालवणीत घ्या, आणि मात्रा त्या उच्चाराने पुन्हा मोजा.

ओळी तपासायची रीत सोपी आहे. उतारा गद्यासारखा सलग टाइप करा आणि ज्याने तो पाहिलेला नाही त्याला मोठ्याने वाचायला द्या. तो कुठेही हेल काढू लागला तर तिथे दोन-तीन ओळी पाठोपाठ वाक्यासकट संपलेल्या असतात. त्यातली एक मोडा. तो अडखळला तर शब्दांचा क्रम बोलण्यातला नाही, ‘पुढे कागद ठेवला’च्या जागी ‘कागद ठेवला पुढे’ असं काहीतरी मापासाठी झालेलं असतं. मागाहून सांगितलेला शब्द म्हणून असा उलटा क्रम बोलण्यातही येतो (‘गेला एकदाचा तो’), तेव्हा सरसकट खोडू नका. रागात किंवा घाईत असलेल्या पात्राला तो शोभतो, निवेदकाला क्वचितच.

आणि चाळीत एकादशीचं भजन सुरू झालं, तर तिथे १६ मात्रा रेटत बसू नका. तेवढा भाग सरळ अभंगात लिहा, यमकासकट. ती माणसं त्या वेळी बोलत नसतात, गात असतात.