झडप, व्हॉल्व्ह आणि पुन्हा झडप : तांत्रिक मार्गदर्शिकेच्या भाषांतरात मेमरी व संज्ञासूची वापरताना या चुका टाळा

दीडशे-दोनशे पानांची मार्गदर्शिका मराठीत आणताना दहाव्या पानावर ‘झडप’ असलेला भाग नव्वदाव्या पानावर ‘व्हॉल्व्ह’ होतो आणि शेवटच्या तक्त्यात पुन्हा ‘झडप’ होतो, हा प्रकार ट्रान्सलेशन मेमरी वापरूनही घडतो. मेमरी जुनी वाक्ये जपून ठेवते. त्यांतील कोणता शब्द कायम करायचा, हे ती ठरवत नाही. ते काम संज्ञासूचीचे, म्हणजे ग्लॉसरीचे. या दोहोंच्या कामात गल्लत झाली की पुढच्या चुका ओघानेच येतात. येथील उदाहरणे डिझेल इंजिनवर चालणाऱ्या पंपसेटच्या मार्गदर्शिकेवर केलेल्या कामातली आहेत. साधन ओमेगाटी हे मोफत सॉफ्टवेअर असले, तरी इतर साधनांतही फारसा फरक पडत नाही.

शंभर टक्के जुळणीवर डोळे मिटून विश्वास ठेवणे

देखभालीच्या तक्त्यात रेडिएटरचे झाकण तडकले असेल तर काय करावे, हे सांगताना मूळ मजकुरात पुढील वाक्य होते आणि त्याचे भाषांतर योग्यच झाले होते.

```
Replace the cap.
झाकण बदला.
```

चाळीस पानांनंतर शीतक द्रव खुणेपर्यंत भरण्याची कृती आली आणि तिच्या शेवटी अक्षरशः तेच इंग्रजी वाक्य आले. मेमरीने शंभर टक्के जुळणी दाखवली, भाषांतर आपोआप भरले गेले आणि कोणी त्याकडे पाहिले नाही. येथे मात्र अर्थ ‘काढलेले झाकण परत बसवा’ असा होता. मराठी मजकूर प्रमाण मानून चालणाऱ्या शेतकऱ्याने द्रव भरण्याच्या प्रत्येक वेळी नवे झाकण विकत आणावे, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता.

म्हणून संज्ञासूचीत केवळ सुट्या भागांची नावे न ठेवता क्रियापदेही ठेवावीत. बहुतेक सूच्यांत नामे भरपूर असतात आणि क्रियापद एकही नसते. त्यामुळे एकाच प्रकरणात ‘आवळा’, ‘घट्ट करा’ आणि ‘कसा’ ही तिन्ही रूपे सुखाने नांदतात. ओमेगाटीची सूची म्हणजे टॅबने विभागलेली साधी मजकूर-फाइल असते. पहिल्या स्तंभात मूळ शब्द, दुसऱ्यात मराठी आणि तिसऱ्यात टीप येते.

```
replace	बदला	जुना भाग काढून नवा
replace	परत बसवा	काढलेला तोच भाग
valve	व्हॉल्व्ह	पु.; ‘झडप’ नको
```

अशा दोन नोंदी असल्या की वाक्य उघडताच दोन्ही पर्याय समोर येतात आणि भाषांतरकाराला क्षणभर थांबावे लागते. एकाच वाक्याची दोन भाषांतरे हवी असतील, तर दुसऱ्या ठिकाणी ‘पर्यायी भाषांतर’ तयार करावे. तसे न करता दुसरे वाक्य दुरुस्त केले, तर आधीचे बरोबर असलेले वाक्यही त्याच्यासोबत बदलते आणि चूक दुसरीकडे सरकते, इतकेच.

सूचीत लिंग न नोंदवणे

इंग्रजीतून आलेल्या शब्दांचे लिंग मराठीत नेहमी ठरलेले नसते. ‘सील’ कोणी पुल्लिंगी मानतो, कोणी नपुंसकलिंगी. तीन भाषांतरकार असले की ‘सील तुटला असल्यास’ आणि ‘सील तुटले असल्यास’ ही दोन्ही रूपे एका पुस्तकात येतात, आणि संज्ञा तपासणारे साधन मात्र गप्प राहते, कारण त्याच्या दृष्टीने ‘सील’ हा शब्द दोन्हीकडे आहे.

अर्धवट जुळणीत हा धोका वाढतो. ‘फिल्टर स्वच्छ केला आहे याची खात्री करा’ हे वाक्य मेमरीत असताना टाकीविषयीचे तसेच वाक्य आले की भाषांतरकार घाईत नाम तेवढे बदलतो आणि ‘टाकी स्वच्छ केला आहे’ असे वाक्य तयार होते. अर्धवट जुळणी स्वीकारताना नामाबरोबर विशेषण आणि क्रियापदही तपासण्याची सवय लावणे, हाच यावर उपाय आहे. माझ्या पाहण्यातले कोणतेही स्वयंचलित साधन ही चूक खात्रीने पकडत नाही.

अर्ध्यावर संज्ञा बदलून सरसकट ‘शोधा आणि बदला’ चालवणे

भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांचा आधार घेऊन आम्ही ‘झडप’ हा शब्द घेतला होता आणि शब्द म्हणून तो चांगलाच आहे. निम्मे काम झाल्यावर ग्राहकाच्या सेवा विभागाने कळवले की, त्यांचे मेकॅनिक आणि सुट्या भागांची यादी ‘व्हॉल्व्ह’ म्हणते. (काही भागांत फूटव्हॉल्व्हला शेतकरी ‘फुटबॉल’ म्हणतात, पण तिथपर्यंत जाण्याची आमची तयारी नव्हती.) बदल मान्य झाला आणि एकाने सर्व ‘झडप’ एका फटक्यात बदलले.

त्यातून ‘व्हॉल्व्हेची कडा तपासा’ आणि ‘जुनी व्हॉल्व्ह काढा’ अशी वाक्ये जन्माला आली. ‘झडप’चे सामान्यरूप ‘झडपे-’, अनेकवचन ‘झडपा’. त्यातील ‘झडप’ तेवढी गेली आणि मागचा प्रत्ययाचा अवशेष नव्या शब्दाला चिकटला. शिवाय स्त्रीलिंगी शब्दाच्या जागी पुल्लिंगी आल्याने दोन शब्द अलीकडचे विशेषणही चुकले, आणि ते तर शोधात सापडतही नाही.

हे काम नीट करायचे तर आधी `project_save.tmx` या प्रकल्पाच्या मेमरी-फाइलची प्रत बाजूला ठेवावी. मग ‘झडपां’, ‘झडपे’, ‘झडपा’ आणि शेवटी ‘झडप’ अशा क्रमाने, म्हणजे लांब रूपापासून आखूड रूपाकडे, शोध घेऊन प्रत्येक वाक्य वाचून बदलावे. ‘व्हॉल्व्हचा’ लिहायचे की ‘व्हॉल्व्हाचा’, हेही त्याच वेळी ठरवून सूचीत टिपावे. मागील आवृत्तीची मेमरी वापरात असेल, तर तिच्यातील ‘झडप’ पुन्हा पुन्हा वर येते. ती `tm/penalty-20` या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली की तिची शंभर टक्के जुळणी ऐंशी टक्के दाखवली जाते आणि ती निमूटपणे भरली जात नाही.

‘झडप’ निदान सर्व रूपांत ओळखू येते. ‘पंखा’ मात्र ‘पंख्याला’ होताना बदलतो आणि सूचीतील मूळ रूप शोधणारी तपासणी बरोबर वाक्यालाही चूक ठरवते. अशा खोट्या इशाऱ्यांचा ढीग साचला की अहवाल कोणी वाचत नाही. तपासणीत रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शब्दाऐवजी शब्दाचा नमुना चालत असेल, तर तिन्ही रूपे एकत्र द्यावीत.

```
पंख(ा|े|्या)
```

दिसायला सारखी अक्षरे सारखीच आहेत असे समजणे

‘ॲडजस्टर’मधले पहिले अक्षर युनिकोडमध्ये U+0972 या एकाच संकेताने लिहिता येते, तसेच ‘अ’ला चंद्र जोडून, म्हणजे U+0905 आणि U+0945 अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखीच दिसतात, पण शोधात आणि जुळणीत ते दोन वेगळे शब्द असतात. सूचीत असलेला शब्द तपासणीत ‘नाही’ म्हणून येऊ लागला, तर प्रथम याचा संशय घ्यावा. सर्वांनी एकच कळफलक वापरावा आणि सूची व मेमरी यांत एकच रूप ठेवावे.

शेवटच्या दुरुस्त्या मेमरीत परत न नेणे

मांडणी झालेल्या पानांवर मुद्रितशोधक जे शब्द बदलतो, ते छापील प्रतीत बरोबर येतात, पण मेमरीत मात्र जुनेच राहतात. पुढच्या वर्षी नवे मॉडेल आले की तीच जुनी वाक्ये शंभर टक्के जुळणीने परत येतात आणि तोच मुद्रितशोधक त्याच शब्दांवर पुन्हा लाल पेन चालवतो. आमच्याकडे आता पानांवरील प्रत्येक शब्दबदल आधी ओमेगाटीत केला जातो आणि मराठी फाइल तेथूनच पुन्हा काढली जाते. मांडणी करणाऱ्याला थेट शब्द बदलण्याची मुभा नाही.