वीटकाम-प्लास्टरच्या तपासणीत या चुका टाळा: ‘ओके’ लिहू नका, आकडा लिहा

साईटवरची तपासणी-यादी उघडली की बहुतेक वेळा एकच शब्द दिसतो: ‘ओके’. ओळंबा ओके, सांधे ओके, क्युरिंग ओके. सहा महिन्यांनी प्लास्टरला भेग पडली तर या कागदावरून काहीही कळत नाही. भिंत किती झुकली होती आणि ते कोणी मोजलं, हे त्यात नसतंच.

वीटकामाची मर्यादा आयएस 2212 मध्ये आहे: एका मजल्यात, 3 मीटर उंचीला ओळंब्यातला फरक 6 मिमीपेक्षा जास्त नसावा. यादीत हा आकडा आधीच छापलेला हवा आणि त्याच्या शेजारी प्रत्यक्ष मोजमापासाठी रिकामा रकाना. कंत्राटात याहून कडक अट असेल तर ती छापा. नापास कशाला म्हणायचं ते काम सुरू होण्यापूर्वीच ठरलं पाहिजे. भिंत उभी राहिल्यावर ठरवायला गेलात की ठेकेदाराशी फक्त घासाघीस होते.

दुसरी चूक जास्त महागात पडते. ओळंबा वर एकदा, खाली एकदा लावायचा आणि फरक लिहून मोकळं व्हायचं. एक उदाहरण घेऊ. बेडरूमची भिंत 3 मीटर उंच आहे आणि वरच्या टोकाला ती 9 मिमी बाहेर आहे. म्हणजे नापास. पण काढायचं किती? आता दर अर्ध्या मीटरवर मोजा. 1.5 मीटरपर्यंत फरक जेमतेम 1 मिमी, 2 मीटरवर 4, अडीचवर 6, 3 मीटरवर 9. पहिल्या दिवसाचं काम 1.5 मीटरवर थांबलं होतं, हे रोजच्या नोंदीत आहे. म्हणजे खालचं काम चांगलं आहे. दुसऱ्या दिवशी गवंड्याने ओळंबा न लावता फक्त दोरीवर थर चढवले. त्यामुळे पूर्ण भिंत पाडायची गरज नाही, 1.5 मीटरच्या वरचे थर काढले की झालं. मसाला ताजा असताना हे काम अर्ध्या दिवसाचं असतं, आठवड्याने विटा फुटतात.

आणि इथेच मिस्त्री म्हणतो, “साहेब, प्लास्टरमध्ये घेऊन टाकू.” ऐकू नका. आतलं प्लास्टर 12 मिमी ठरलं असेल आणि भिंत 9 मिमी झुकली असेल, तर पातळ बाजूला 12 मिमी ठेवताना दुसऱ्या बाजूला 21 मिमी होणार. एका हातात सर्वसाधारणपणे 15 मिमीपेक्षा जाड मारायचं नसतं. जाड थर स्वतःच्या वजनाने खाली सरकतो, वाळताना जास्त आकसतो आणि विटेपासून सुटतो. म्हणून प्लास्टरच्या आधी मारलेल्या ठिय्यांची जाडी मोजून लिहा. कुठे 15 च्या वर गेली तर तिथेच काम थांबवा, किंवा दोन हातांत करायचं हे लेखी ठरवा.

प्लास्टर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ठोकून बघणं निरुपयोगी. किमान 7 दिवसांचं क्युरिंग होऊ द्या, मग हलक्या हातोडीने ओळीने ठोका. घट्ट भाग टणटणीत वाजतो, सुटलेला भाग ढबढब. तिथे खडूने खूण करून लांबी-रुंदी मोजा. पोकळ भाग चौकोनी कापायचा, कडा किंचित आत तिरक्या करायच्या म्हणजे नवं प्लास्टर धरून राहतं, विटांचे सांधे खरवडायचे, ओलं करून पुन्हा भरायचं. वरून पुट्टी फिरवून आवाज बदलत नाही, फक्त दिसायला बरं होतं. कॉलम आणि वीट जिथे मिळतात तिथे सरळ उभी भेग असेल तर ठिगळ उपयोगाचं नाही. तिथे जाळी लावली होती का, ते आधी तपासा.

दुरुस्तीची नोंद कशी दिसावी:

जागा: तिसरा मजला, फ्लॅट 302, पूर्वेची भिंत, 1.5 मीटरच्या वर
मोजमाप: 9 मिमी (मर्यादा 6)
निर्णय: नापास, वरचे थर काढावेत
कारण: दुसऱ्या दिवशी ओळंबा लावला नाही
काढल्याची तारीख, फोटो:
पुन्हा मोजमाप: 2 मिमी, तारीख, तपासणाऱ्याची सही

यात दोन गोष्टींवर लोक हटकून घसरतात. जुना 9 चा आकडा खोडून त्यावर 2 लिहितात; तो तसाच राहू द्या, नवा आकडा खालच्या ओळीत येईल. आणि ठिगळाच्या क्युरिंगचे 7 दिवस मोजतच नाहीत. आजूबाजूची भिंत वाळलेली असते म्हणून पाणी मारणाऱ्याला वाटतं काम संपलं. ठिगळ भरल्याची तारीख भिंतीवरच खडूने लिहा आणि अहवालातही. ती तारीख न बघता रंगाऱ्याला खोली देऊ नका.