हातोडीच्या ठोक्यावरून पाइलचा दोष कसा ओळखावा

पाइल म्हणजे पायासाठी जमिनीत खोलवर ओतलेला काँक्रीटचा खांब. तो ओतून झाला की त्याचा फक्त माथा दिसतो, बाकी सगळा जमिनीत गाडलेला. खाली कुठे तो आकसला आहे का, आडवा तडकला आहे का, हे माथ्यावर ठोका मारून आणि परत येणारी लहर ऐकून तपासता येतं. चाचणी पाच-दहा मिनिटांची असते. खरं कसब सेन्सरने नोंदलेला त्या लहरीचा आलेख वाचण्यात आहे, म्हणून तयारी थोडक्यात सांगून मी लगेच तिकडे वळतो.

काँक्रीट ओतून निदान सात दिवस झालेले असावेत. माथ्यावरचा पाणचट, कमजोर थर फोडून पक्क्या काँक्रीटपर्यंत जा आणि ग्राइंडरने दोन-तीन ठिकाणी तळहाताएवढ्या जागा सपाट करा. इथे आळस केला तर पुढचा आलेख वाचण्यालायक राहत नाही. सैल माथा स्वतःच थरथरतो आणि ती थरथर दोषासारखी दिसते. एका जागेवर मेणाने किंवा ग्रीसने सेन्सर घट्ट बसवा. प्लास्टिकच्या टोकाच्या हलक्या हातोडीने मध्याजवळ, सळयांपासून दूर, सरळ ठोका मारा. सारखे दिसणारे पाच-सहा ठोके घेऊन त्यांची सरासरी काढा. ठोक्यागणिक आलेख बदलत असेल तर आधी माथा आणि सेन्सर तपासा.

आता वाचन. लहर काँक्रीटमधून सेकंदाला सुमारे ४००० मीटर वेगाने खाली जाते. वाटेत पाइलचा आडवा छेद किंवा काँक्रीटचा दर्जा बदलला की तिचा काही भाग तिथून उलटा फिरतो. आलेखात ठोका वरच्या दिशेने दाखवला आहे असं धरू. छेद कमी झाला तर परतलेली लहरही वरच्याच दिशेने उमटते. छेद वाढला, म्हणजे पाइल फुगला, तर खालच्या दिशेने. मऊ मातीत टेकलेला तळ वरचा उंचवटा देतो, कारण तिथे पाइल संपतो.

एक उदाहरण घेऊ. पाइल १८ मीटर लांब, व्यास ६०० मिलिमीटर. लहर जाऊन-येऊन ३६ मीटर चालते, म्हणून तळाचा उंचवटा ९ मिलिसेकंदांवर दिसायला हवा. पण ३.५ मिलिसेकंदांवरही एक उंचवटा आहे. ४००० गुणिले ०.००३५ म्हणजे १४ मीटर, त्याचं निम्मं ७ मीटर. दोष साधारण सात मीटरवर आहे. वेगाचा अंदाज पाच टक्के चुकला तर खोलीही तेवढीच, म्हणजे ३५ सेंटिमीटरने चुकेल.

हा आकसलेला भाग की तडा? उंचवट्याच्या पाठोपाठ खोलगा आला आणि ९ मिलिसेकंदांवर तळही दिसला, तर पाइल तिथे आकसून पुन्हा पूर्ववत झाला आहे. व्यास ६०० वरून ४५० झाला असेल तर क्षेत्रफळ ५६ टक्के उरतं आणि लहरीचा सुमारे २८ टक्के भागच परततो; उरलेली पुढे जाते, म्हणून तळ दिसतो. तडा पूर्ण छेदातून आरपार असेल तर लहर त्याच्यापलीकडे जातच नाही. मग उंचवटा मोठा येतो, तोच ७ आणि १०.५ मिलिसेकंदांवर पुन्हा दिसतो, आणि तळ हरवतो. तड्याखाली काय आहे हे ही चाचणी सांगू शकत नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती फुगलेल्या पाइलमध्ये. मऊ थरात भोक रुंदावलं आणि खाली पाइल मूळ मापावर आला, तर तो 'आकसल्या'सारखाच उंचवटा देतो. म्हणून क्रम बघा: आधी खोलगा, मग उंचवटा, तर तो फुगवटा. घट्ट थरातून मऊ थरात उतरतानाही असाच भास होतो. शेजारच्या चार-पाच पाइलचे आलेख आणि मातीचा बोअरलॉग, म्हणजे भोक पाडून केलेली थरांची नोंद, शेजारी ठेवल्याशिवाय मी कोणताही पाइल सदोष ठरवत नाही. सगळ्यांत त्याच खोलीवर तीच खूण असेल तर ती बहुधा मातीची असते.

मर्यादाही धरून चाला. ठोका साधारण एक मिलिसेकंद टिकतो, त्यामुळे वरच्या दोन मीटरांतल्या दोषाची खूण त्यातच मिसळून जाते. तेवढा भाग संशय असेल तर उकरूनच पाहावा. हळूहळू निमुळता होत गेलेला पाइल स्पष्ट खूण देत नाही. लांबी व्यासाच्या तीसपटीहून जास्त झाली की तळाचा प्रतिध्वनी बऱ्याचदा मातीतच विरतो. आणि पाइल किती भार पेलेल, हे यातून कळत नाही.

सात मीटरवर संशय पक्का झाला तर बहुतेक जण मध्यातून कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेला काँक्रीटचा लांब गोल नमुना, काढायला सांगतात. आरपार तडा असेल तर कोअर तिथे तुटलेला निघतो. पण पाइल आकसतो तो कडेने, त्यामुळे मधला कोअर अगदी चांगला निघूनही दोष तसाच राहतो. आलेखात आकसल्याची खूण असेल तर कोअर कडेजवळून, सळयांच्या आतल्या बाजूने घ्या. तिथे माती लागली तर खूण खरी.