साच्याची ऑर्डर देण्यापूर्वी : नव्या उत्पादनाची गेट बैठक कशी घ्यावी

नवे उत्पादन विकसित करताना काम टप्प्यांत वाटून घ्यावे आणि प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी थांबून पुढे जायचे की नाही हे ठरवावे, या पद्धतीला स्टेज-गेट म्हणतात. कॅनडातील प्राध्यापक रॉबर्ट कूपर यांनी ती १९८०च्या दशकात मांडली. तिच्या नेहमीच्या मांडणीत पाच गेट असतात. त्यांपैकी तिसऱ्या गेटचाच विचार या लेखात केला आहे, कारण त्याआधीचा खर्च माहिती गोळा करण्याचा आणि एखाददुसऱ्या नमुन्याचा असतो, तर त्यानंतरचा खर्च साचे, यंत्रे आणि माल यांचा असतो. पहिल्या दोन गेटांवरची चूक हजारांत किंवा फार तर काही लाखांत भागते. तिसऱ्या गेटवरची चूक कारखान्याचे पूर्ण वर्ष खाऊन टाकते.

उदाहरण नागपूरकरांच्या ओळखीचे घेऊ. हिंगणा एमआयडीसीत पत्र्याचे डेझर्ट कूलर बनवणारा एक मध्यम कारखाना आहे असे समजा. त्यांना कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा, इन्व्हर्टरवर रात्रभर चालेल असा, प्लास्टिक बॉडीचा घरगुती कूलर काढायचा आहे. नमुना तयार आहे, विक्रेत्यांशी बोलणी झाली आहेत, आतापर्यंत ६ लाख रुपये खर्च झाले आहेत आणि आता टाकी व बॉडीच्या साच्यांची ऑर्डर द्यायची आहे. कारखाना आणि पुढील रकमा उदाहरणापुरत्या आहेत. हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी वापरता येते.

पहिली पायरी : गेटची तारीख हंगामावरून मागे मोजत ठरवा

कूलरचा धंदा चार महिन्यांचा आहे. फेब्रुवारीत माल विक्रेत्याकडे पोहोचला नाही, तर उन्हाळा हातचा गेला असे समजावे. म्हणून डिसेंबर-जानेवारीत उत्पादन, नोव्हेंबरमध्ये साच्यांच्या चाचण्या आणि दुरुस्त्या, आणि त्याआधी साचे बनवायला साधारण तीन महिने, असे मागे मोजत आल्यावर ऑर्डरची तारीख ऑगस्टच्या सुरुवातीला येते. गेट बैठक त्यामुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घ्यावी लागते, मग अहवाल कितीही अपुरा वाटो. तारीख पुढे ढकलण्याची सवय लागली की निर्णय बैठक घेत नाही, दिनदर्शिका घेते.

याच हिशेबातून दुसरी एक गोष्ट निघते, आणि ती सहज नजरेतून सुटते. कूलर हवा किती थंड करतो हे कोरड्या तापमानात आणि ओल्या कापडाच्या तापमापीवरील तापमानात किती फरक आहे यावर अवलंबून असते. पाणी उडून जाण्यामुळे मिळणारा गारवा त्या फरकाच्या पलीकडे जाऊच शकत नाही. मे महिन्यात नागपुरात हा फरक वीस-एकवीस अंशांचा असू शकतो. पावसाळ्यात तो पाच-सहा अंशांवर येतो आणि तापमापीतील अर्ध्या अंशाची चूकसुद्धा निकाल फिरवते. जुलैच्या बैठकीत जुलैतल्या चाचणीचे आकडे कोणी ठेवले, तर त्यांवर निर्णय घेऊ नये. पुरावा एप्रिल-मे महिन्यांतलाच हवा, म्हणजे नमुनाही तोवर तयार हवा.

दुसरी पायरी : अनिवार्य अटी चाचणीच्या आधी लिहून ठेवा

निकष दोन प्रकारचे असतात. अनिवार्य अटींचे उत्तर हो किंवा नाही असेच येते आणि एक नाही आले तरी प्रकल्प पुढे जात नाही. दुसऱ्या प्रकारच्या निकषांना गुण द्यायचे असतात. अनिवार्य अटी तीन-चारच असाव्यात आणि त्या चाचणी सुरू होण्यापूर्वी, आकड्यांसह, तारीख टाकून, सर्वांच्या सह्यांनी नोंदवलेल्या असाव्यात.

आपल्या कारखान्याने एप्रिलच्या मध्यात एक अट अशी लिहिली : बोअरवेलच्या पाण्यावर पाच आठवडे चालल्यानंतरही कूलरची कार्यक्षमता किमान ७० टक्के राहिली पाहिजे. कार्यक्षमता काढायची ती अशी : कोरड्या तापमानातून बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान वजा करा आणि त्या उत्तराला कोरड्या व ओल्या तापमानांतील फरकाने भागा. पहिल्या दिवशी कोरडे तापमान ४२ अंश, ओले २२ आणि कूलरमधून बाहेर येणारी हवा २६ अंश होती. म्हणजे २० पैकी १६ अंश, अर्थात ८० टक्के. पाच आठवड्यांनी, हनीकोंब पॅडवर क्षारांचा पांढरा थर चढल्यानंतर, ४४, २३ आणि २९ अंश असे आकडे मिळाले. म्हणजे २१ पैकी १५ अंश, सुमारे ७१ टक्के.

अट थोडक्यात पार पडली. रेषा आधी आखलेली नसती, तर हाच ७१ टक्क्यांचा आकडा एकाला उत्तम आणि दुसऱ्याला निराशाजनक वाटला असता, आणि बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचे मत टिकले असते. उलट, निकाल ६८ आला असता तर ‘दोन टक्क्यांनी काय होते’ असे म्हणण्याची मुभाही कोणाला राहिली नसती.

तिसरी पायरी : बैठकीत कोण बसेल आणि गुण कसे दिले जातील

निर्णय घेणाऱ्यांत ज्यांच्या हातात पैसा, माणसे आणि यंत्रे आहेत तेच असावेत. या कारखान्यात ते मालक, हिशेब पाहणारे, उत्पादनप्रमुख, विक्रीप्रमुख आणि दुरुस्ती-सेवा सांभाळणारे असे पाच जण होतात. सेवेच्या माणसाला पुष्कळदा बोलावतच नाहीत, आणि मला ती मोठी उणीव वाटते. पॅड कोणत्या महिन्यात बदलावे लागतात आणि पंप कधी बंद पडतो हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. प्रकल्पप्रमुखाने मांडणी करावी, प्रश्नांना उत्तरे द्यावीत, पण त्याला मत नसावे.

चार पानांचे टिपण आठवडाभर आधी सर्वांकडे जावे. बैठकीत प्रश्नोत्तरे झाली की प्रत्येकाने आपले गुण चर्चेपूर्वी, स्वतंत्रपणे कागदावर लिहावेत. मालकांनी आधी तोंड उघडले तर उरलेले चार जण त्यांच्याच आसपासचे गुण देतात, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. गुणांची सरासरी काढून थांबू नये. ‘ग्राहकाला स्पष्ट फायदा’ या निकषावर विक्रीप्रमुखांनी ९ आणि सेवाप्रमुखांनी ३ दिले, तर सरासरी ६ येते; पण ते सहा म्हणजे मध्यम प्रकल्प नव्हे, तर एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नाही. बैठकीचा वेळ याच फटीवर खर्च करावा.

चौथी पायरी : पैशाचा हिशेब जोखमीसकट मांडा

अंदाज असा होता : तीन हंगामांत अनुक्रमे २,०००, ३,००० आणि ४,००० कूलर, आणि प्रत्येकामागे बदलता खर्च वजा जाता १,१०० रुपये. पुढच्या वर्षांचे पैसे १२ टक्के दराने आजच्या किमतीत आणले की ही रक्कम सुमारे ७७ लाख होते. साचे आणि चाचण्या मिळून विकासखर्च ५० लाख, बाजारात आणण्याचा खर्च २० लाख. तांत्रिक यशाची शक्यता ८० टक्के, आणि तांत्रिक यश मिळाल्यावर बाजारातील यशाची शक्यता ६० टक्के धरली. सूत्र असे :

अपेक्षित मूल्य = (उत्पन्न × बाजारयशाची शक्यता − बाजारात आणण्याचा खर्च) × तांत्रिक यशाची शक्यता − विकासखर्च

७७ चे ६० टक्के ४६.२, त्यातून २० गेले की २६.२, त्याचे ८० टक्के सुमारे २१, त्यातून ५० वजा केल्यावर उत्तर उणे २९ लाख येते. शक्यतांचे आकडे शेवटी अंदाजच आहेत, म्हणून लगेच दुसरा प्रश्न विचारावा : सगळेच मनासारखे घडले तर? तेव्हा ७७ मधून ७० जातात आणि हाती ७ लाख उरतात. सर्व काही जुळून आले तरी एवढेच मिळणार असेल, तर शक्यता ६० की ७० यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आधीच खर्च झालेले ६ लाख या सूत्रात कुठेही नाहीत, याकडे लक्ष द्यावे. ‘इतके केल्यावर आता मागे कसे फिरायचे’ असा सूर बैठकीत निघतोच. ते पैसे पुढे गेलो तरी परत येत नाहीत आणि थांबलो तरी येत नाहीत, म्हणून निर्णयात त्यांना स्थान नाही.

पाचवी पायरी : चारपैकी एक निर्णय, त्याच बैठकीत

निर्णय चार असतात : पुढे जा, बंद करा, राखून ठेवा किंवा परत पाठवा. ‘राखून ठेवा’ याचा अर्थ प्रकल्प चांगला आहे, पण सध्या माणसे किंवा पैसा मोकळा नाही, इतकाच. ‘नाही’ म्हणणे जड जाते म्हणून तो शब्द वापरला, तर प्रकल्प बंदही होत नाही आणि दोन अभियंते त्यात अर्धवट अडकून राहतात.

उदाहरणातल्या बैठकीने प्रकल्प परत पाठवला. कारण मोटर आणि पॅड सिद्ध झाले होते. पैसा बुडत होता तो प्लास्टिकच्या बॉडीत. प्रकल्पप्रमुखाला तीन आठवडे दिले आणि प्रश्न ठरवून दिला : हीच मोटर आणि हेच पॅड आपल्या चालू पत्र्याच्या बॉडीत बसवले तर?

ऑगस्टच्या मध्यात उत्तर आले. साच्यांची गरज नाही, विकासखर्च १२ लाख, बाजारात आणण्याचा खर्च ८ लाख. पत्र्याची बॉडी सगळ्यांना भावणार नाही म्हणून विक्रीचा अंदाज १,५००, २,००० आणि २,५०० इतकाच, प्रत्येकामागे १,००० रुपये. आजच्या किमतीत ४७ लाख. त्याच शक्यता धरल्या तर ४७ चे ६० टक्के २८.२, वजा ८ म्हणजे २०.२, त्याचे ८० टक्के सुमारे १६, वजा १२ म्हणजे अधिक ४ लाख. फायदा मोठा नाही. पण बाजारात काहीच विकले गेले नाही तरी तोटा २० लाखांवर थांबतो. पहिल्या योजनेत तो ७० लाखांवर गेला असता. शिवाय एका हंगामाची खरी विक्री हाती आल्यावर साच्यांचा प्रश्न पुन्हा काढता येतो, तेव्हा ६० टक्के हा अंदाज राहणार नाही.

निर्णय ‘पुढे जा’ असा झाला, एका अटीसह. अशी अट लिहिताना ती कोणी, कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करायची आणि न झाल्यास काय, हे तिन्ही लिहावे. इतिवृत्तातील नोंद अशी होती : ‘सेवाप्रमुखांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत पॅडवरील क्षार धुण्याची घरच्या घरी करता येईल अशी पद्धत तपासून दाखवावी, तसे न झाल्यास मोटरींची खरेदी थांबेल. १२ लाख रुपये आणि दोन अभियंते आजपासून या कामाला दिले आहेत. साच्यांचा विषय जुलैमध्ये, हंगामाच्या विक्रीचे आकडे समोर ठेवून, पुन्हा याच गेटवर येईल.’