पाकिटावरच्या न्यूट्रिशन टेबलचा फोटो शीटमध्ये उतरवताना

फोटोतून टेक्स्ट कॉपी करून शीटमध्ये टाकलं की बहुतेक वेळा गडबड होते ती शेवटच्या कॉलमची, कारण आपल्याकडच्या पाकिटांवर बऱ्याचदा फक्त 100 ग्रॅमचे आकडे असतात आणि शेजारी एका सर्व्हिंगचे आरडीए टक्के, म्हणजे दिवसभरासाठी शिफारस केलेल्या प्रमाणाचे टक्के, आणि ते टक्केच लोक सर्व्हिंगचे ग्रॅम समजून टाकतात. त्यामुळे सर्व्हिंगचा कॉलम स्वतः काढा.

समजा चिवड्याच्या पाकिटावर सर्व्हिंग 30 ग्रॅम आहे. ते 30 F1 मध्ये लिहा, A मध्ये घटक युनिटसकट (सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, बाकी बहुतेक ग्रॅममध्ये), B मध्ये 100 ग्रॅमचा आकडा आणि C2 मध्ये हे, मग खाली ओढा:

```
=B2*$F$1/100
```

आता फोटोतला दशांश बिंदू हरवलाय का ते बघायचं, चुरगळलेल्या चकचकीत पाकिटावर हे हमखास होतं. प्रोटीन 10, कार्ब 50, फॅट 32 असेल तर 10 आणि 50 ला 4 ने, 32 ला 9 ने गुणून बेरीज येते 528, पाकिटावर 530 किलोकॅलरी आहे म्हणजे बरोबर. थोडा फरक चालतो, फायबर जास्त असेल तर अजून थोडा, पण 32 चं 3.2 झालं तर बेरीज 269 वरच येते, लगेच कळतं. साखर कार्बमध्येच धरलेली असते आणि सॅच्युरेटेड फॅट टोटल फॅटमध्ये, ते परत मिळवू नका.

टक्केही ताडून बघा, सर्व्हिंगला फॅट 9.6 ग्रॅम, आरडीए 67 ग्रॅमचा, म्हणजे साधारण 14 टक्के छापलेलं दिसायला हवं.